एकच चौकडी, दोन यमके : बाप ‘निघतो’ की ‘उभा’ राहतो?

(पडद्यावर पहिली चौकडी)

नमस्कार. जळगावहून बोलतो आहे. आज मी चारच ओळी घेऊन आलो आहे आणि पूर्ण वेळ त्यांच्यापाशीच थांबणार आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात शेतपंपाला रात्रीची वीज आली की घरातला कर्ता माणूस अंथरुणातून उठून मोटर सुरू करायला शेतात जातो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या प्रसंगावर मी लिहिलेल्या या ओळी ऐका.

वीज आली मध्यराती,
बाप निघे काठी हाती.
केळीच्या ओळीत पाणी,
ओठांत जुनीच गाणी.

प्रत्येक ओळीत 8 अक्षरे आहेत. पहिली ओळ दुसरीशी जुळते आणि तिसरी चौथीशी, म्हणजे ही क-क-ख-ख अशी रचना झाली. बोलण्याच्या सोयीसाठी मी तिला जोडयमक म्हणेन. आता याच ओळींची जागा बदलतो.

(पडद्यावर दुसरी चौकडी)

वीज आली मध्यराती,
केळीच्या ओळीत पाणी;
बाप उभा काठी हाती,
ओठांत जुनीच गाणी.

ही क-ख-क-ख, म्हणजे एकाआड एक यमकाची चौकडी. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण एक शब्द मला बदलावा लागला, हे तुमच्या लक्षात आले असेल. ‘निघे’ जाऊन त्या जागी ‘उभा’ आले. हा बदल का करावा लागला, ते नीट पाहिले की या दोन रचनांमधला फरक बराचसा हाती लागतो.

पहिल्या चौकडीत ‘मध्यराती’ हा शब्द कानावर पडतो आणि पुढच्या 8 अक्षरांत ‘हाती’ येऊन त्याची जोड पूर्ण करतो. कानाने जे मागितले ते लगेच मिळाले, म्हणून तेथे आवाज आपोआप खाली येतो आणि पूर्णविराम द्यावासा वाटतो. वीज आली, बाप निघाला, विषय संपला. मग नवा श्वास घेऊन पाणी आणि गाणी. अशा दोन-दोन ओळींच्या गाठी पडत गेल्या की घटना एकीमागून एक घडल्यासारख्या वाटतात, आणि त्या क्रमात क्रियापदही हालचालीचेच शोभते. म्हणून तेथे बाप ‘निघतो’.

दुसऱ्या चौकडीत ‘मध्यराती’ची जोड मिळायला 16 अक्षरे थांबावे लागते. मध्ये ‘पाणी’ हा दुसरा शब्द येऊन स्वतःची वेगळी मागणी उभी करतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, जेथे पहिल्या चौकडीत सगळे मिटले होते, तेथे आता कानाची दोन येणी बाकी आहेत. तिसऱ्या ओळीत एक फिटते आणि चौथीत दुसरे. त्यामुळे चौकडीच्या मध्यावर पूर्ण थांबता येत नाही. आवाज थोडा वरच राहतो आणि चारही ओळी एका श्वासाच्या वाटतात. शिवाय पाणी आता बापाच्या आधीच केळीत पोहोचले आहे. पाणी वाहू लागल्यावर बाप घरातून निघतो आहे असे म्हटले तर प्रसंगच उलटा होईल. म्हणून तो ‘उभा’ राहिला. यमकाची जागा बदलल्यामुळे ओळींचा क्रम बदलला, क्रमामुळे क्रियापद बदलले, आणि जी गोष्ट होती तिचे चित्र झाले.

यावरून एकाआड एक यमक अधिक प्रगल्भ आणि जोडयमक म्हणजे बालगीताचा प्रकार, असा निष्कर्ष पुष्कळ नवे कवी काढतात. तो मला मान्य नाही, आणि त्यासाठी भरीत पार्टीचे उदाहरण देतो.

(पडद्यावर तिसरी चौकडी)

पाहुणे आले चाळीस,
वांगी होती एकोणीस.
मामा म्हणे, पाणी घाला;
भरताचा रस्सा झाला.

आपल्याकडची भरताची वांगी केवढी असतात, हे जाणणारा माणूस म्हणेल की एकोणीस वांग्यांत चाळीस पाने सहज उठतील. त्याचे म्हणणे बरोबर आहे. ‘चाळीस’ला जोड हवी होती म्हणून मी ‘एकोणीस’ घेतले. यमक कवीला खोटे बोलायला लावते, त्याचा हा घरचाच पुरावा. पण विनोद चालतो, कारण चाळीस आणि एकोणीस हे आकडे शेजारी-शेजारी आदळतात. आता हीच चौकडी एकाआड एक यमकात लावून पाहा.

पाहुणे आले चाळीस,
मामा म्हणे, पाणी घाला;
वांगी होती एकोणीस,
भरताचा रस्सा झाला.

विनोद पार निवला. पाणी कशात घालायचे ते कळण्याआधीच मामा बोलून बसला आणि वांग्यांची अडचण मागून आली. विनोदाला, टोमण्याला, उपदेशाला किंवा लक्षात राहावे अशा वाक्याला पहिल्या ओळीत ताण आणि दुसरीत लगेच फटका, अशी मांडणी लागते. ती जोडयमकात मुळातच असते. उलट आठवण, वाट पाहणे किंवा दुःख यांना ती मारक ठरते, कारण प्रत्येक दुसऱ्या ओळीला येणारा तो ठोका भावना निकालात काढल्यासारखा वाटतो.

आता आपल्या भागातल्या कानाविषयी थोडे बोलायला हवे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या ओव्यांमुळे आठ-आठ अक्षरांचे चार चरण आणि दुसऱ्या-चौथ्या चरणाला यमक, ही चाल आपल्या अंगवळणी पडलेली आहे. त्या चालीत पहिला आणि तिसरा चरण बहुधा मोकळे असतात. याचा परिणाम असा होतो की दुसरी आणि चौथी ओळ जुळली की खानदेशी लिहिणाऱ्याला चौकडी पूर्ण झाल्यासारखी वाटते आणि तो तिला एकाआड एक यमक म्हणून मोकळा होतो. पण पहिली आणि तिसरी जुळत नसेल तर ती रचना क-ख-क-ख नव्हे. दोन चरण सलग एका ओळीत लिहून पाहा: मोकळ्या चरणांची ओवी सोळा-सोळा अक्षरांची सरळ जोडयमकाची द्विपदी होऊन बसते. म्हणूनच ओवीत एकाच वेळी ठामपणाही आहे आणि ऐसपैसपणाही. पहिल्या-तिसऱ्या ओळीलाही यमक दिले की तो ऐसपैसपणा कमी होतो आणि वीण घट्ट होते. ती घट्ट वीण तुम्हाला हवी आहे का, हे आधी ठरवावे. ओवीचा मोकळेपणा हवा असेल तर तिसऱ्या ओळीसाठी ओढून-ताणून यमक शोधत बसू नये.

एकाआड एक यमक निवडलेच, तर यमक कच्चे ठेवून चालत नाही. ‘राती’ आणि ‘हाती’ यांत शेवटच्या अक्षराबरोबर त्याआधीचा ‘आ’ हा स्वरही जुळतो, म्हणून 16 अक्षरांनंतरही कान ते ओळखतो. ‘झाली’ आणि ‘गेली’ यांत फक्त ‘ली’ जुळते. जोडयमकात असे कच्चे यमक कच्चे म्हणून ऐकू तरी येते; एकाआड एक यमकात ते ऐकूच येत नाही आणि चौकडी अर्धी मुक्तछंदात गेल्यासारखी वाटते. लांब ओळींनीही हेच होते. ओळ वीस अक्षरांची केली तर जोड चाळीस अक्षरांवर जाते आणि तोवर पहिला शब्द ऐकणाऱ्याच्या मनातून निसटतो. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. कागद न दाखवता चौकडी एकदाच कुणाला तरी वाचून दाखवावी आणि तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द कशाशी जुळला, एवढेच विचारावे. उत्तर आले नाही तर यमक पक्के करावे किंवा ओळ आखूड करावी. कवी मित्राला विचारू नये; तो यमक शोधतच ऐकत असतो.

दुसरी अडचण मराठी वाक्याच्या घडणीतून येते. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे ‘येते-जाते’, ‘बसला-हसला’ ही यमके फुकट मिळतात. जोडयमकात ती शेजारी आली की प्रत्येक ओळ म्हणजे एक बंद वाक्य, असा ठोकळा तयार होतो. आपण आधी पाहिलेल्या चौकडीत ‘राती’, ‘हाती’, ‘पाणी’, ‘गाणी’ यांपैकी एकही क्रियापद नाही, आणि ते मी ठरवून टाळले होते.

मग जोडयमकात संथपणा आणताच येत नाही का? येतो. यमकाच्या जागी वाक्य संपू द्यायचे नाही, एवढेच करायचे.

(पडद्यावर चौथी चौकडी)

वीज आली मध्यराती,
बाप निघे काठी हाती
घेऊन, केळीत पाणी
सोडी, ओठी जुनी गाणी.

यमक अजून क-क-ख-ख हेच आहे, पण ‘हाती’वर थांबायला गेलात तर ‘घेऊन’ तुम्हाला पुढे ओढून नेते, आणि ‘पाणी’वर थांबायला गेलात तर ‘सोडी’. ठोका पुसट झाला. त्याची किंमतही आहे: ‘घेऊन’ आणि ‘सोडी’ हे ओळीच्या तोंडाशी आलेले शब्द मोठ्याने म्हणताना जीभ किंचित अडखळते. वाचण्याच्या कवितेत ही चौकडी मी ठेवीन, पण चालीवर म्हणायची असेल तर ठेवणार नाही.

आता या ओळींचे मी शेवटी काय केले ते सांगतो. पूर्ण कविता चार चौकड्यांची आहे. पहिल्या तिन्ही मी एकाआड एक यमकात ठेवल्या, कारण रात्रभर पाण्यापाशी उभे राहण्यात काहीही निकालात निघत नाही, नुसती वेळ सरत असते. चौथ्या चौकडीत मात्र वीज अचानक जाते. नमुना मध्येच बदलला की वाचणाऱ्याला चूक झाल्याचा संशय येतो, म्हणून बदलाला प्रसंगातच कारण असावे लागते. येथे ते होते. जी जोड तीन चौकड्या 16 अक्षरांनी येत होती, ती 8 अक्षरांत येऊन आदळते.

वीज गेली, बंद पाणी,
अर्ध्यात राहिली गाणी.
काठी टेकत अंधारी
बाप परतला दारी.