पासबुकातली भिशी

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला ‘चिट फंड कायदा आणि आपली भिशी’ असा विषय दिला आहे. कायद्याकडे येतोच, पण आधी एका बाईंची गोष्ट सांगतो. मी बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली, त्यामुळे भिशी म्हटलं की मला पासबुकच आठवतं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर गणित शिकवलं. मागच्या महिन्यात पासबुक घेऊन घरी आल्या. भिशीच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक खूण केलेली. बसायच्या आधीच म्हणाल्या, “भाऊ, मना पैसा कथा ग्यात?”

भिशी बोलीची होती. वीस जण, महिन्याला 5,000, म्हणजे लाखाची. सुरुवात जानेवारी 2024. इथे बसलेल्या निम्म्या वहिनींना ही पद्धत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल, हसू नका! जो जास्त सोडायला तयार, त्याला त्या महिन्याची रक्कम. सोडलेल्यातून चालक आपले पाच टक्के, म्हणजे 5,000 घेतो, आणि उरलेलं वीस जणांत वाटून हप्त्यातून वजा होतं. पहिल्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या घरी दवाखाना निघाला होता. त्याने 25,000 सोडले, 75,000 नेले. वीस हजार वीस जणांत, म्हणून बाईंचा हप्ता 4,000 पडला.

बाईंना घाई नव्हती. त्या शेवटपर्यंत थांबल्या. चालकाने त्यांना वहीचं पान दाखवलं: “बाई, लाखामागे तुम्हाला साडेनऊ हजार लाभांश सुटला.” वही खोटी नव्हती. पण पासबुक वेगळं बोलत होतं. पहिले पाच हप्ते 4,000 चे, पुढचे पाच 4,400 चे, मग पाच 4,700 चे, आणि शेवटचे पाच पुरे 5,000 चे, कारण शेवटी शेवटी जास्त सोडायला कुणी उरत नाही. बेरीज 90,500. जमा झाले 95,000, कारण बाईंच्या पाळीलाही चालकाचे 5,000 कापले गेले. खरी वाढ 4,500. साडेनऊतले पाच हजार वहीत लाभांश म्हणून दिसले आणि चालकाकडे गेले.

आता वेळेचा हिशोब. जानेवारीचे 4,000 एकोणीस महिने अडकले, म्हणजे 76,000 रुपये-महिने. असा प्रत्येक हप्त्याचा गुणाकार करून बेरीज केली की 8,18,500 येते. तिने 4,500 ला भागा: महिन्याला शेकडा पंचावन्न पैसे, वर्षाला साधारण 6.6 टक्के. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला तेव्हा 6.7 टक्के होते. इथपर्यंत बाई शांत होत्या.

मग मी जमेच्या तारखांवर बोट ठेवलं. शेवटची पाळी ऑगस्ट 2025 ची. पण 50,000 जमा झाले ऑक्टोबरमध्ये, आणि 45,000 जानेवारी 2026 मध्ये. चालक म्हणाला होता, “कापूस विकला की देतो.” त्या उशिराचे रुपये-महिने धरले की बेरीज 11,21,000 होते आणि व्याज 4.8 टक्क्यांवर येतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, “मी मुलांना सरळव्याज शिकवलं आणि स्वतःचं गणित तपासलंच नाही.” मला तेव्हा फार वाईट वाटलं.

आणि तो शेतकरी? त्याने 75,000 नेऊन वीस महिन्यांत 90,500 भरले. ते महिन्याला शेकडा दोन रुपयांच्या आसपास पडतं. त्याने दोन रुपये दराने भरलं आणि बाईंना चाळीस पैसे मिळाले. मधल्या काळात चालकाने दरमहा पाच हजारांप्रमाणे वीस महिन्यांत एक लाख घेतले. घरात दवाखाना निघाल्यावर भिशी धावून येते, हे मी नाकारत नाही. माझं भांडण एवढंच, की तिला बचतीची योजना म्हणून विकू नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, म्हणून कायदा घाईत सांगतो. चिट फंड कायदा 1982 चा. 2019 च्या दुरुस्तीने चालकाच्या कमिशनची मर्यादा पाचवरून सात टक्के झाली, म्हणजे बाईंच्या चालकाने कमिशन जास्त घेतलं असं म्हणता येत नाही. पण किती रकमेपर्यंतच्या भिशीला सूट द्यायची, हे ठरवणं त्याच दुरुस्तीने राज्य सरकारांवर सोपवलं. त्या मर्यादेवरच्या भिशीला शासनाची पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते, आणि चालकाला आधी भिशीच्या रकमेइतकी सुरक्षा ठेव ठेवावी लागते. ती ठेव असती तर बाईंना कापूस विकण्याची वाट बघावी लागली नसती. बाईंच्या भिशीची नोंदणीच नव्हती.

चालक परवा त्यांच्याकडे नवीन भिशीसाठी आला होता. बाईंनी नोंदणी क्रमांक विचारला. तो म्हणाला, “बाई, आपल्यात कसला क्रमांक?” बाईंनी त्याला चहा दिला आणि नाव लिहू दिलं नाही.

त्यांच्या गुणाकाराचा कागद, नावगाव झाकून, मी मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांनी पासबुक आणलं असेल त्यांनी थांबा, आपण बसू.