कार्ड खिशात आहे, पण नाव यादीत आहे का?

नमस्कार मंडळी. मतदार नोंदणी कशी तपासायची, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे. मत कुणाला द्यायचं हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे आणि त्यात मी शिरणार नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "माझ्याकडे कार्ड आहे, मग नाव कसं नाही?" बोलणाऱ्याचा राग खरा असतो, पण त्यामागे एक गैरसमज असतो. मतदार ओळखपत्र तुमची ओळख पटवतं, मताचा हक्क मात्र यादीतल्या नावामुळे मिळतो. नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट अशी आयोगाने मान्य केलेली दुसरी कागदपत्रं दाखवून मत देता येतं. उलट कार्ड कोरं करकरीत असलं आणि यादीत नाव नसलं, तर केंद्राध्यक्ष काहीही करू शकत नाही. म्हणून तपासायची ती यादी.

मोबाइलवर electoralsearch.eci.gov.in ही निवडणूक आयोगाची साइट उघडा. तिथे नाव शोधायचे तीन मार्ग आहेत : कार्डावरचा क्रमांक टाकून, नाव-वय-मतदारसंघ असा तपशील भरून, किंवा नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर देऊन. पहिला मार्ग सगळ्यात खात्रीचा. हा क्रमांक दहा जागांचा असतो, आधी तीन इंग्रजी अक्षरं आणि मग सात आकडे. शून्य आणि ओ या अक्षरात गफलत होते, तेवढं जपा. महाराष्ट्रातल्या जुन्या कार्डांवर MT/ ने सुरू होणारे लांबलचक, तिरप्या रेघांचे क्रमांक आहेत. त्यावरून काही सापडलं नाही तर घाबरू नका, दुसऱ्या मार्गाने जा.

दुसऱ्या मार्गातली खरी अडचण आहे स्पेलिंगची. समजा, ज्ञानदा नावाची एक तरुणी आहे. आपण मराठी माणसं तिचं नाव Dnyanada असं लिहू. पण यादीत ते Gyanada असंही पडलेलं असू शकतं, आणि मग बरोबर स्पेलिंग टाकूनही नाव सापडत नाही. म्हणून एका फेरीत हार मानू नका. स्पेलिंग बदलून बघा. मराठीतून शोधायची सोय असेल तर ती वापरा. लग्न झालेल्या बायकांनी माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं, तसंच नातेवाईक म्हणून एकदा वडिलांचं आणि एकदा नवऱ्याचं नाव टाकून बघावं. यादीत नोंद माहेरच्या नावाने असते आणि शोध सासरच्या नावाने घेतला जातो, असं फार वेळा होतं. जन्मतारखेने जमलं नाही तर वय टाका, त्यातही एखादं वर्ष मागेपुढे करून बघा.

आता ज्ञानदाचंच उदाहरण पुढे नेऊ. नोंदणी झाली तेव्हा ती सातारा जिल्ह्यात कोरेगावला राहायची. लग्नानंतर पुण्यात हडपसरला आली. कार्ड तेच आहे. तिने क्रमांक टाकला आणि नाव लगेच सापडलं. इथे बहुतेक जण साइट बंद करतात, आणि तिथेच चुकतं. नाव सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. निकालाच्या ओळीतला मतदारसंघ, यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचा पत्ता वाचायला हवा. ज्ञानदाच्या ओळीत मतदारसंघ दिसतो कोरेगाव. म्हणजे तिला मत देता येईल, पण कोरेगावात जाऊन. हडपसरच्या केंद्रावर ते कार्ड दाखवून उपयोग नाही.

अशा वेळी लोक हडपसरला नवा नमुना 6 भरून मोकळे होतात. तो नमुना नव्या मतदारासाठी आहे. एकाच माणसाचं नाव दोन मतदारसंघांत नोंदवायला लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 ची मनाई आहे, आणि अर्जात खोटं निवेदन केलं तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. पत्ता बदलला असेल तर नमुना 8. नाव, वय, फोटो यांतली दुरुस्तीही त्याच नमुन्यात होते. voters.eci.gov.in वर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर तो भरता येतो. सोबत नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज भरला की एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, कारण अर्ज कुठवर आला ते त्यावरून कळतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो, ते घरी येऊन खात्री करू शकतात. अर्ज मंजूर झाला की नाव कोरेगावातून निघून हडपसरच्या यादीत येतं. कार्डाचा क्रमांक बदलत नाही.

आणि शोधूनही काहीच सापडलं नाही तर? मग मूळ यादीच उघडा. त्याच voters.eci.gov.in वरून जिल्हा, मतदारसंघ आणि भाग निवडून यादीची पीडीएफ उतरवता येते. ही पाने बहुतेक चित्राच्या स्वरूपात असतात, त्यामुळे फोनमधल्या शोधाने नाव सापडणार नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं. घर क्रमांकाच्या आसपास बघा, शेजाऱ्यांची नावं दिसली की तुम्ही योग्य पानावर आहात. वगळलेल्या नोंदीसमोर कारणाचं एक अक्षर असतं : E म्हणजे मृत, S म्हणजे स्थलांतरित, R म्हणजे दुबार, M म्हणजे पत्त्यावर न आढळलेले, Q म्हणजे अपात्र. तुम्ही त्याच घरात राहता आणि नावापुढे S किंवा M दिसतंय, तर कागदपत्रं घेऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि नाव पुन्हा घालण्यासाठी अर्ज करा. अधिकाऱ्यांचा निर्णय पटला नाही तर त्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. साइट वापरणं जमत नसेल तर 1950 या क्रमांकावर फोन करून विचारा.

हे सगळं करायचं कधी, याबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही. त्याआधीही हरकतींसाठी काही दिवस राखावे लागतात, म्हणून अर्जाची मुदत साधारण दहा दिवस आधीच संपते. 2024 ची आपली विधानसभा निवडणूक आठवा. घोषणा झाली 15 ऑक्टोबरला. उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर, मतदान 20 नोव्हेंबर. नाव नोंदवायला वेळ होता 19 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे घोषणेनंतर जेमतेम चार दिवस. टीव्हीवर तारखा ऐकून जागे झालेल्यांना पत्त्याचा पुरावा गोळा करायलाही एवढा वेळ अपुरा पडतो. घोषणेची वाट बघू नका.

घरात सतरा वर्षांचं कुणी असेल तर त्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी फक्त 1 जानेवारी ही पात्रतेची तारीख होती. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही आहेत, आणि अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या तारखेला नाव यादीत येतं.

शेवटचा मुद्दा महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांचा. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांच्यासाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय किंवा गटनिहाय फोडली जाते. विधानसभेच्या यादीत नाव असूनही ते शेजारच्या प्रभागात पडलेलं असू शकतं. म्हणून प्रारूप यादी जाहीर झाली की आपलं नाव कोणत्या प्रभागात आहे ते बघा, आणि चुकलं असेल तर हरकतींच्या मुदतीतच लेखी कळवा.