खतावणी, इंडेक्स आणि अडलेलं वाक्य

(लातूरमध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मी आज इंग्रजी शिकवायला आलेलो नाही. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आणि इंग्रजी बोलताना माझे अजूनही काही घोळ होतात. पण गेली बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडं बसून मुलाखती घेतो. त्यात आपल्याकडची मुलं कुठं अडकतात, ते मला दिसतं. सगळं सांगत बसत नाही. एकच प्रश्न घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ.

प्रश्न असा : ‘व्हॉट इज अ डेटाबेस इंडेक्स, अँड व्हाय डोन्ट वी इंडेक्स एव्हरी कॉलम?’

माझ्या पहिल्या मुलाखतीत हाच प्रश्न आला होता. रात्रभर ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो होतो, डोळे चुरचुरत होते. उत्तर मला येत होतं. मी सुरुवात केली, ‘व्हेन वी आर हॅविंग द टेबल, अँड इन दॅट टेबल द रेकॉर्ड्स आर देअर, विच आर मेनी, मीन्स टेन लॅख, देन फॉर सर्चिंग दॅट रेकॉर्ड...’ आणि इथं मी थांबलो. समोरचे गृहस्थ वाट बघत होते. मला वाटलं, शब्द आठवत नाही. शब्द सगळे आठवत होते, वाक्य कुठं संपवायचं तेच कळत नव्हतं.

हे का झालं, ते नीट बघा. मराठीत आपण म्हणतो, ‘ज्या टेबलमध्ये खूप रेकॉर्ड आहेत, त्यातलं एखादं रेकॉर्ड पटकन शोधता यावं म्हणून आपण जी वेगळी रचना ठेवतो, तिला इंडेक्स म्हणतात.’ हे वाक्य चांगलं आहे. जे, ज्या, ज्यात असं करत आपण आधी सगळी पार्श्वभूमी मांडतो आणि मुद्दा क्रियापदासकट शेवटी ठेवतो. ऐकणारा मराठी माणूसही शेवटाची वाट बघायला सरावलेला असतो. याच क्रमानं इंग्रजी शब्द ओतले की चार ‘विच’ उघडतात आणि एकही बंद होत नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला कर्ता आणि क्रियापद पहिल्या पाच-सहा शब्दांत हवं असतं. ते मिळालं नाही, तर तो मुद्दा ऐकायचं सोडून तुमचं वाक्य जुळवत बसतो.

म्हणून तेच उत्तर उलटं करायचं. म्हणजे मराठीतलं शेवटचं आधी आणायचं : ‘ॲन इंडेक्स इज अ सेपरेट, सॉर्टेड स्ट्रक्चर. इट स्टोअर्स द व्हॅल्यूज ऑफ अ कॉलम. ईच व्हॅल्यू पॉइंट्स टू इट्स रो. सो द डेटाबेस कॅन फाइंड अ रो विदाउट रीडिंग द होल टेबल.’ चार वाक्यं आहेत आणि एकातही ‘विच’ नाही. लहान वाक्यं बालिश वाटतील अशी भीती मुलांना वाटते. पण तांत्रिक उत्तरात लहान वाक्य हे गडी स्पष्ट विचार करतोय याची खूण समजली जाते. मी स्वतः समोर बसून तेच समजतो.

आणखी एक गोष्ट बघा. या चार वाक्यांत ‘स्टोअर्स’ आहे, ‘इज स्टोअरिंग’ नाही. आपल्या बोलीत ‘मी करायलो’, ‘तो काय करायलाय’ हे रूप सतत तोंडात असतं. त्यामुळं इंग्रजीतही सगळं ‘आयएनजी’मध्ये जातं, असा माझा अंदाज आहे. ‘इंडेक्स इज स्टोअरिंग’, ‘सर्व्हर इज हॅविंग’. यंत्र नेहमीच जे करतं, ते साध्या वर्तमानकाळात सांगायचं : स्टोअर्स, हॅज, रीड्स. ‘इज रीडिंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आत्ता या क्षणी चाललंय.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. प्रत्येक कॉलमला इंडेक्स का नाही? इथं बहुतेक जण ‘बिकॉज ऑफ परफॉर्मन्स’ म्हणून गप्प होतात. माझ्या मते हा भाषेचा प्रश्नच नाही. ओळखायचं कसं? घरी हाच प्रश्न स्वतःला मराठीत विचारा आणि धाकट्या भावाला उत्तर सांगा. मराठीतही अडलात, तर अडचण विषयाची आहे, इंग्रजीचा क्लास लावून ती सुटणार नाही. मराठीत सरळ सांगता आलं, तरच पुढचं काम भाषेचं.

मला हे मराठीत कळलं ते मामांच्या आडत दुकानात. गंजगोलाईच्या भागात राहणाऱ्यांना रोजकीर्द आणि खतावणी माहीत असेल. दिवसभरात माल आला, पैसे गेले, जे जसं घडेल तसं ते रोजकीर्दीत उतरतं, तारखेच्या ओळीनं. आता ‘औश्याच्या अमुक शेतकऱ्याचा हिशेब दाखवा’ म्हटलं, तर रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळावी लागेल. म्हणून खतावणी असते. तिथं प्रत्येक माणसाचं खातं वेगळं, आणि नोंदीशेजारी रोजकीर्दीचा पान नंबर. शोधणं सोपं झालं. पण प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा आला. सोयाबीनच्या हंगामात मुनीमजी रात्री उशिरापर्यंत खतावणी पुरी करत बसायचे. उद्या मामा म्हणाले असते, गावावारी एक वही करा, वाहनवारी एक करा, हमालवारी एक करा, तर मुनीमजींनी दुकान सोडलं असतं.

प्रत्येक इंडेक्स म्हणजे अशी एकेक वही. टेबलमध्ये नवी ओळ आली, की प्रत्येक इंडेक्समध्ये नोंद करावी लागते. शोधणं वेगवान होतं, लिहिणं मंदावतं, जागा जास्त लागते. इंग्रजीत : ‘एव्हरी इन्सर्ट मस्ट ऑल्सो अपडेट एव्हरी इंडेक्स. सो रीड्स गेट फास्टर, बट राइट्स गेट स्लोअर.’ रोजकीर्दीची गोष्ट मुलाखतीत सांगू नका, बेंगळुरूच्या माणसाला आडत समजावण्यात तीन मिनिटं जातील. ती तुमच्या डोक्यात असू द्या. ती डोक्यात असली की तुम्ही पाठांतर म्हणत नाही, डोळ्यांपुढचं चित्र वाचून दाखवता.

आता ‘फास्टर म्हणजे किती’ असा उपप्रश्न येतो, आणि इथं आकडे बोलावे लागतात. समजा टेबलमध्ये 10 लाख पावत्या आहेत आणि ही क्वेरी आहे :

```sql
SELECT * FROM receipts WHERE farmer_id = 4521;
```

इंडेक्स नसेल, तर डेटाबेस सगळ्या 10 लाख ओळी तपासतो. नेहमीचा इंडेक्स बी-ट्री प्रकारचा असतो, म्हणजे पानांचं झाड. एका पानात समजा 300 नोंदी मावतात. वरच्या पानातून 300 फांद्या फुटतात, त्या प्रत्येकातून 300 म्हणजे 90,000, आणि तिसऱ्या पातळीला 2 कोटी 70 लाख. म्हणजे 10 लाखांसाठी इंडेक्सची साधारण तीन पानं वाचली की त्या शेतकऱ्याच्या पावत्या कुठं आहेत ते कळतं. नंतर फक्त त्या पावत्या असलेली पानं वाचायची.

हे इंग्रजीत सांगताना दोन खड्डे आहेत. पहिला, परदेशी माणसाला लाख-कोटी कळत नाही. 10 लाख म्हणजे ‘वन मिलियन’, 2 कोटी 70 लाख म्हणजे ‘ट्वेंटी-सेव्हन मिलियन’. हे ऐनवेळी डोक्यात बदलायला गेलात, की बोलणं तुटतं, म्हणून उदाहरणातले आकडे आधीच मिलियनमध्ये करून ठेवा. दुसरा खड्डा गमतीचा आहे. मराठीत आपण एकक आधी म्हणतो, सत्तावीस म्हणजे सात आणि वीस. घाईत ‘ट्वेंटी-सेव्हन’चं ‘सेव्हंटी-टू’ होतं. माझं एकदा झालंय, आणि समोरच्यानं तो आकडा शांतपणे वहीत लिहून घेतला होता.

सराव कसा करायचा? फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि या एका प्रश्नाचं दीड मिनिटाचं उत्तर द्या. ऐकताना व्याकरणाच्या चुका मोजू नका. कुठं थांबलात, तेवढं वहीत लिहा. नामाच्या आधी थांबला असाल, तर शब्द नव्हता. ‘विच’ किंवा ‘सो दॅट’नंतर थांबला असाल, तर वाक्य लांब झालंय, ते तोडा. ‘बिकॉज’नंतर थांबला असाल, तर कारण माहीत नाही, पुस्तक उघडा. आणि ‘मीन्स’ किती वेळा आलं तेही बघा. ते आपलं ‘म्हणजे’ आहे. मराठीत ते खपून जातं, इंग्रजीत मात्र दर वाक्याला टोचतं. त्या जागी नुसतं थांबा. दोन सेकंदांची शांतता तुम्हाला युगासारखी वाटते, समोरच्याला जाणवतही नाही. उत्तर लिहून पाठ मात्र करू नका. उपप्रश्न आला की पाठांतराची गाडी रुळावरून उतरते, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, बोलता बोलता नेमका शब्दच गेला तर?’ मी म्हटलं, पुढं ये, करून बघू. ती आली. मी विचारलं, ज्या कॉलममध्ये फक्त ‘एम’ आणि ‘एफ’ एवढंच आहे, त्यावर इंडेक्स टाकून शोधताना फायदा होईल का? तिला ‘कार्डिनॅलिटी’ म्हणायचं होतं, ते आठवेना. ‘सर, द... द...’ मी म्हटलं, शब्द सोड, ती गोष्ट काय करते ते सांग. ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘द कॉलम हॅज ओन्ली टू डिफरंट व्हॅल्यूज. हाफ द टेबल हॅज द सेम व्हॅल्यू. सो द डेटाबेस स्टिल रीड्स हाफ द टेबल. मीन्स... सॉरी. इट इज चीपर टू रीड ऑल ऑफ इट.’

मी विचारलं, ‘हाऊ वुड यू चेक?’

‘आय विल रन एक्सप्लेन,’ ती म्हणाली, ‘अँड सी इफ इट सेज सीक्वेन्शियल स्कॅन.’