१४ पासून एकापर्यंत

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी इंजेक्शनची पेटी.)

गुरुवार, पाळीचा दुसरा दिवस. नाशिकच्या या घरात आज रात्री टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारातलं पहिलं इंजेक्शन आहे. तिचं वय ३२, लग्नाला सहा वर्षं झाली. ती एकच बाई नाही. अशा अनेक जणींचा अनुभव एकत्र करून आम्ही ही गोष्ट बांधली आहे, आणि आकडे नेहमी दिसतात तसेच घेतले आहेत.

सकाळी सोनोग्राफीत डॉक्टरांनी दोन्ही अंडाशयांतले छोटे छोटे काळे ठिपके मोजले. ते भरले १४. हे ठिपके म्हणजे फॉलिकल, पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या. प्रत्येकीत एक स्त्रीबीज असू शकतं. १४ हा आकडा तिने मनात घट्ट धरून ठेवला. पुढच्या सतरा दिवसांत तो कमी होत जाणार आहे. असं होणार हे तिला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिच्या काही रात्री तरी शांत गेल्या असत्या.

(दृश्य: पेनवर डोस फिरवणारी बोटं. आकडा थांबतो २२५ वर.)

बेंबीपासून दोन बोटं बाजूला, पोटाच्या कातडीची चिमूट धरून सुई आत. सुई केसासारखी बारीक असते. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त वाटते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हात सरावतो. वेळ रोज साधारण तीच ठेवायची. डोस चुकलाच, तर स्वतः दुप्पट घ्यायचा नाही. आधी क्लिनिकला फोन करायचा.

नणंदेने विचारलं, "अगं, एकदम एवढी बीजं वाढवली तर पुढे संपून जातील ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. शरीर दर महिन्याला मूठभर फॉलिकल पुढे आणतं. पण त्यांना पोसणारं हार्मोन साधारण एकालाच पुरतं, बाकीची सुकून जातात. इंजेक्शनमधून तेच हार्मोन जास्त दिलं जातं, म्हणून सुकणारीही वाढतात. या महिन्यात नाहीतरी जाणार होती तीच बीजं आपण वाचवतो, पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही.

हा खटाटोप कशासाठी? जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, ते नैसर्गिक चक्रात मिळालेल्या एकाच बीजातून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयोगातून बाळ जन्मलं. त्यांनी इंजेक्शनं देऊन एकाहून अधिक बीजं वाढवली होती आणि गर्भ गोठवूनही ठेवला होता. आज जगभर चालणारी पद्धत त्यांच्या वाटेच्या अधिक जवळची आहे. एकाच बीजावर सगळं टाकलं आणि ते वाटेत थांबलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा.)

मंगळवार, इंजेक्शनांचा सहावा दिवस. सगळ्यात मोठं फॉलिकल १३ मिलिमीटर. आजपासून दुसरं इंजेक्शनही सुरू होतं. ते बीजं वाढवत नाही, फॉलिकल वेळेआधी फुटू देत नाही. फॉलिकल आपोआप फुटली तर पिकअपला, म्हणजे बीजं बाहेर काढायच्या वेळी, हाती काहीच लागणार नाही.

गुरुवारी पुन्हा सोनोग्राफी, शनिवारी पुन्हा. रोज दीड-दोन मिलिमीटरची वाढ. पोट जड वाटतं, सलवारीची नाडी सैल बांधावी लागते. शनिवारी तीन फॉलिकल १८ च्या पुढे गेली आणि डॉक्टर म्हणाले, "आज रात्री ट्रिगर."

साऱ्या चक्रात घड्याळाला सर्वांत जास्त महत्त्व या इंजेक्शनाच्या वेळी आहे. त्याने बीज शेवटचा पक्केपणा घेतं आणि फॉलिकलच्या भिंतीपासून सुटतं. त्याला साधारण ३५ तास लागतात. त्याआधी गेलं तर बीज सुटलेलं नसतं, फार उशीर झाला तर फॉलिकल फुटून गेलेलं असतं. तिला वेळ मिळाली रात्री साडेदहाची, कारण सोमवारी सकाळी साडेनऊला पिकअप आहे. घ्यायला उशीर झाला तर लाज बाळगून गप्प बसू नका. खरी वेळ सांगा, पिकअप पुढे सरकवता येतो.

इथे एक धोका नीट समजून घ्यायला हवा. काही जणींची, विशेषतः पीसीओ म्हणजे अंडाशयांत नेहमीपेक्षा खूप जास्त फॉलिकल असलेल्यांची, अंडाशयं या इंजेक्शनांना फार जोरात प्रतिसाद देतात. मग पोटात पाणी साठू लागतं. वजन दिवसाला किलोभर वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, सतत उलट्या, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन करायचा. असा धोका वाटला तर डॉक्टर ट्रिगरचं औषध बदलतात, सगळे गर्भ गोठवतात आणि ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, पुढच्या एखाद्या महिन्यात करतात. ट्रान्सफर पुढे ढकलली म्हणजे काही बिघडलं असं नाही.

(दृश्य: ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक. नवरा एकटा.)

सोमवार. ती उपाशीपोटी आली आहे. थोडा वेळ भूल. योनीमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुई जाते, एकेका फॉलिकलमधलं पाणी ओढून घेते, आणि शेजारच्या लॅबमध्ये त्या पाण्यात बीज शोधलं जातं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. नवऱ्याने वीर्याचा नमुना सकाळीच दिला आहे.

जाग आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "किती?"

११. फॉलिकल १४, पण प्रत्येकातून बीज मिळतंच असं नाही.

त्या ११ पैकी ९ पक्की. शुक्राणूंची संख्या कमी असल्याने प्रत्येक पक्क्या बीजात एकेक शुक्राणू बारीक सुईने सोडला. मंगळवारी सकाळी लॅबमधून फोन आला, सात फळली. फळलेल्या बीजात दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. लॅबवाले त्यांच्यावरूनच ओळखतात.

तिसऱ्या दिवशी सहा गर्भ, बहुतेक आठ पेशींचे. पाचव्या दिवशी तीन.

हा आकडा ऐकून ती रडली. बहुतेक जणी रडतात. पण तिसऱ्या आणि पाचव्या दिवसामध्ये काय होतं ते बघा. सुरुवातीचे दिवस गर्भ बीजातल्या शिदोरीवर काढतो. मग ती सरते आणि त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. ज्यांच्या गुणसूत्रांत मुळातच चूक आहे, असे अनेक गर्भ इथे थांबतात. तिने काय खाल्लं, ती किती चालली, रिक्षात किती हादरे बसले, याचा त्याच्याशी संबंध नाही.

(दृश्य: शनिवार. पाण्याची रिकामी बाटली.)

ट्रान्सफरला भूल नाही. उलट मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे पोटावरच्या सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ दिसतं. तिची मोठी तक्रार लघवी रोखण्याचीच होती. मऊ, बारीक नळी गर्भाशयमुखातून आत जाते आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकतो. तो गर्भ नव्हे. गर्भ डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान असतो. चमकते ती त्याच्यासोबतची हवा आणि पाण्याचा थेंब.

तीनपैकी एकच गर्भ सोडला. दोन सोडले तर जुळ्यांची शक्यता वाढते, आणि जुळ्यांबरोबर वेळेआधी प्रसूतीचा धोकाही. नळी परत लॅबमध्ये गेली, गर्भ तिला चिकटून राहिला नाही ना हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. आतून आवाज आला, "क्लिअर."

"सिस्टर, आता लघवीला गेले तर तो बाहेर तर नाही ना पडणार?"

"नाही हो ताई. लघवीची वाट वेगळी, ही वेगळी. आणि गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांच्यामध्ये तो बसलाय. बिनधास्त जा."

झोपून राहण्याची गरज नव्हती. हातात गर्भाशयाचं अस्तर टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीची बारा दिवसांनंतरची तारीख घेऊन ती चालतच बाहेर पडली. उरलेले दोन गर्भ लॅबमध्ये द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहेत, उणे १९६ अंशांवर.