केनोचा तक्ता वाचताना

केनोचे नियम अगदी थोडे आहेत. १ ते ८० या आकड्यांपैकी काही आपण निवडायचे, मग यंत्र २० आकडे काढते आणि आपले किती जुळले ते पाहून बक्षीस मिळते. ही माहिती पडद्यावर मोठ्या अक्षरांत असते. बक्षिसांचा तक्ता मात्र बहुधा एखाद्या बटणामागे दडलेला असतो. आज मी त्या तक्त्याविषयीच बोलणार आहे, कारण खेळाचा खरा भाव तिथेच लिहिलेला असतो.

समजा, एका खेळाडूने चार आकडे निवडले आणि एक नाणे लावले. तक्ता सांगतो की दोन जुळले तर १, तीन जुळले तर ५ आणि चारही जुळले तर ७५ नाणी मिळतील. ८० मधून चार आकड्यांचे १५,८१,५८० वेगवेगळे गट पडतात आणि त्यांपैकी किती गटांत किती आकडे जुळतील हे शाळेतल्या संचय-गणिताने काढता येते. मी ते एक लाख डावांच्या हिशेबात मांडतो. सरासरीने २१,२६४ डावांत दोन आकडे जुळतील, ४,३२५ डावांत तीन आणि ३०६ डावांत चारही. त्यांची बक्षिसे अनुक्रमे २१,२६४, २१,६२५ आणि २२,९५० नाणी होतात, एकूण ६५,८३९. खेळाडूने लावलेली नाणी एक लाख, म्हणजे शंभरातली सुमारे ३४ चालकाकडे राहिली. याच वाट्याला ‘हाऊस एज’ म्हणतात. एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये तो शंभराला जेमतेम २.७ असतो.

या हिशेबातला पहिला आकडा मला सर्वांत लबाड वाटतो. दोन जुळल्यावर मिळणारे ‘१’ म्हणजे आपलेच नाणे परत, कारण डाव लावताना ते आधीच वजा झालेले असते. तरीही पडद्यावर विजयाची धून वाजते. साधारण चार डावांतून एकदा ‘जिंकल्या’चा अनुभव येतो, पण लावल्यापेक्षा जास्त हाती येण्याचा प्रसंग सरासरी बावीस डावांतून एकदाच.

आता दुसरा तक्ता घेऊ. त्यात चार जुळल्यास ७५ ऐवजी १०० नाणी आहेत, मात्र तीन जुळल्यास ५ ऐवजी ३. जाहिरातीत अर्थातच १०० झळकतील. हिशेब केला तर २१,२६४, १२,९७५ आणि ३०,६०० मिळून ६४,८३९ होतात. म्हणजे शिखरावरचे बक्षीस एक-तृतीयांशाने वाढवूनही परतावा आधीपेक्षा कमीच भरला. तीन जुळण्याची वेळ चार जुळण्यापेक्षा सुमारे चौदापट अधिक वेळा येते, त्यामुळे मधल्या ओळीतून काढलेली दोन नाणी भरून काढायला वरच्या ओळीत २८ घालावी लागली असती, घातली २५. दोन तक्त्यांची तुलना करताना सर्वांत मोठे बक्षीस पाहणे त्यामुळे फसवे ठरते.

ऑनलाइन खेळात वेगाची भर पडते. पाच मिनिटांनी एक ड्रॉ होत असेल आणि दर वेळी एक नाणे लावले, तर तासाला १२ नाणी लागतात आणि पहिल्या तक्त्यानुसार सरासरी चार जातात. दहा सेकंदांना एक ड्रॉ झाला तर ३६० लागतात आणि सुमारे १२३ जातात. तक्ता तोच असतो, फक्त तो अधिक वेळा लागू होतो.

स्क्रॅच कार्डाचा हिशेब याच जातीचा आहे. ऑनलाइन कार्डात निकाल सहसा कार्ड विकत घेताच ठरतो. बोटाने खरवडणे ही केवळ चित्रफीत. उदाहरणादाखल दहा नाण्यांचे एक कार्ड कल्पू: पाचांत एकाला १०, दहांत एकाला २०, शंभरांत एकाला १०० आणि लाखांत एकाला १,००,००० नाणी. दर तीन कार्डांमागे जवळजवळ एक ‘जिंकते’, असे म्हणता येईल आणि ते खरेही असेल. पण चारही ओळींचा सरासरी वाटा २, २, १ आणि १, म्हणजे दहातली सहा नाणी परत. त्यातले शेवटचे एक नाणे लाखातल्या त्या एकाच कार्डात अडकलेले असल्याने बाकी सर्वांसाठी परतावा निम्म्यावर येतो.

दोन्ही खेळांत एक फरक मात्र मोलाचा आहे. केनोत ड्रॉ खरोखर यादृच्छिक असेल, तर शक्यता ८० आणि २० या संख्यांनीच ठरतात, म्हणून तक्ता हाती असला की परतावा कोणालाही काढता येतो. स्क्रॅच कार्डात कुठले बक्षीस किती कार्डांमागे एकदा, हे चालकच ठरवतो आणि चित्रांवरून ते ओळखता येत नाही. तीन सारखी चिन्हे हवी असताना दोन वारंवार दिसली, तरी तिसरे जवळ आले असा अर्थ निघत नाही, कारण न लागलेल्या कार्डावर कोणती चिन्हे दाखवायची हेही रचनेचाच भाग असते. म्हणून केवळ सर्वांत मोठे बक्षीस सांगणाऱ्या, प्रत्येक बक्षिसाची शक्यता किंवा एकूण परताव्याची टक्केवारी न देणाऱ्या कार्डाचा हिशेब मांडताच येत नाही.