तारीख ज्याची त्यानं घालावी

(नागपुरात निवृत्त अभियंते आणि कचेरीतल्या मंडळींसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अहवालाचा समारोप : सह्या, पदनामे व प्रतिस्वाक्षऱ्या’. आयोजकांनी फोनवर विचारलं, यावर तासभर बोलाल काय? मी म्हटलं, भाऊ, नोकरीभर मी अहवाल शेवटच्या पानापासूनच वाचत आलो. आधी सह्या, मग तारखा, आणि वेळ उरला तर मजकूर. हसू नका, तुमच्यातले अर्धे तेच करत होते.

आपल्या गावाला तर तारखेचं वेगळं सांगायला नको. नागपूर करारावरची २८ सप्टेंबर १९५३ ही तारीख इथं कुणालाही झोपेतून उठवून विचारा. कलमं किती होती ते विचारू नका, तिथं अडचण होईल.

तर माझी गोष्ट. मी नवखा शाखा अभियंता. कचेरीचं नाव घेत नाही, तिथले दोघं आज पुढच्या रांगेत बसलेत. जुलैच्या पावसात एका रस्त्यावरच्या मोरीच्या विंगवॉलला तडा गेला. काम अजून हमीच्या मुदतीत होतं. दोष कामाचा निघाला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चानं, नाही तर आपल्या. मी १२ तारखेला जागेवर गेलो. तडा मोजला, फोटो घेतले, भिंतीमागचं पाणी निघून जायला ठेवायची छिद्रं बुजलेली सापडली, तेही लिहिलं. सहा पानांचा अहवाल, एकही वाक्य खोटं नाही. १४ तारखेला मी सही केली, त्याच दिवशी उपविभागीय अभियंत्यांनी ‘तपासले’ म्हणून केली.

घोळ सातव्या पानाचा. टंकलेखकानं सह्यांचा रकाना वेगळ्या पानावर घेतला होता. वर मजकुराची ओळ नाही, पानाला क्रमांक नाही. कार्यकारी अभियंते दौऱ्यावर निघायचे होते, म्हणून तसंच एक कोरं पान त्यांच्यापुढं आधीच गेलं होतं. साहेब मात्र शिस्तीचे! सहीखाली स्वतःच्या हातानं तारीख घातली : ९ जुलै. शिक्काही नीट मारला. आम्ही ते पान मागं टाचलं आणि मोकळे झालो.

प्रकरण लवादापुढं गेलं. कंत्राटदाराच्या वकिलानं तडा विचारला नाही, छिद्रं विचारली नाहीत. एवढंच म्हणाला, ‘साहेब, जे १२ तारखेला पाहिलं गेलं, ते ९ लाच तुम्हाला कसं पटलं?’ खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. अहवाल बाजूला पडला, दुरुस्ती आमच्या खर्चानं झाली, आणि खुलासा कुणाला मागितला? मला. कारण पान मी नेलं होतं. साहेबांना नाही काय जी? नाही! ते तोवर बदलून गेले होते. हे दुखणं मी इतकी वर्षं बाळगून आहे, म्हणून थोडं लांबलं.

आता आयोजक मागून बोट दाखवताहेत, दहा मिनिटं म्हणे. मुद्द्याचं पटकन सांगतो.

सह्यांचं पान एकटं सोडू नका. निष्कर्षाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी तरी त्याच पानावर येऊ द्या, आणि ‘७ पैकी ७’ असा क्रमांक घाला. म्हणजे ते पान आधी सही करून ठेवता येत नाही आणि दुसऱ्या अहवालाला जोडता येत नाही. आतल्या पानांवर आद्याक्षरी घ्या, मधलं पान बदललं की लगेच कळतं.

तीन सह्यांचं म्हणणं वेगळं असतं. तयार करणारा सांगतो, मी पाहिलं. तपासणारा सांगतो, मी पडताळलं. प्रतिस्वाक्षरी करणारा सांगतो, मी हे कार्यालयाच्या वतीनं स्वीकारलं. म्हणून तारखा याच क्रमानं पुढं जायला हव्यात. ‘करिता’ म्हणून सही केली तर खाली आपलं नाव व पदनाम लिहा, नुसतं साहेबांचं नको. पदनाम सहीच्या दिवशीचं. अतिरिक्त कार्यभार असेल तर तसं लिहा.

डिजिटल सहीचं कुणी चिठ्ठीवर विचारलंय. पडद्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी असं नाही. बहुतेक वेळा प्रमाणपत्र देणाऱ्यावर त्या संगणकाचा विश्वास बसवलेला नसतो. मात्र छापून काढलीत की ते नुसतं चित्र, कागदावरून काहीच पडताळता येत नाही. आणि वेगळा काळशिक्का जोडलेला नसेल तर सहीची वेळ येते सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळातून. घड्याळ मागं केलं की झालं पुन्हा ९ जुलै!

हॉलवाल्यांनी दिवे मिचकावले, थांबतो. बाहेर चहा आहे. हजेरीपत्रकावर सही करून जा, मात्र तारखेचा रकाना बघा. कुणीतरी सगळ्यांच्या तारखा आधीच भरून ठेवल्यात, आणि त्या उद्याच्या आहेत.