चौदा रकाने

(दृश्य: लेबलांचा कागद प्रिंटरमधून हळूहळू बाहेर येतो.)

एका ए-फोर कागदावर चोवीस लेबले बसतात. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी 1,860 पत्ते छापायला दिले, तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेतील या दोन संगणकांच्या दुकानात 77 कागद पूर्ण भरले आणि अठ्ठ्याहत्तराव्या कागदावर बारा लेबले आली. छपाईला जेमतेम पाऊण तास लागला. हा माहितीपट त्या पाऊण तासाच्या आधी आणि नंतर त्या पत्त्यांचे काय होते, याविषयी आहे.

(दृश्य: दुकानाच्या मालकीणबाई फोन कानाला लावून संगणकासमोर.)

पत्ते आले ते व्हॉट्सअ‍ॅपवर, एका एक्सेल फाइलमध्ये. सोबत व्यापाऱ्याचा निरोप होता : "ताई, सगळी शीट पाठवलीय, तुम्हाला लागेल ते घ्या." निरोप आपुलकीचाच होता, आणि अडचणीची सुरुवातही त्यातच होती. लेबलासाठी लागतात नाव, पत्ता, गाव आणि पिनकोड, आणि कुरियरच्या नोंदीसाठी मोबाइल क्रमांक. म्हणजे पाच रकाने पुरेसे होते. फाइलमध्ये मात्र चौदा होते. जन्मतारीख होती, ई-मेल होता, दुसरा मोबाइल होता, मागच्या वर्षीची खरेदी आणि थकबाकी होती, आणि सर्वांत शेवटी शेऱ्याचा रकाना होता, ज्यात व्यापाऱ्याच्या मुनीमाने "पैसे मागून मागून मिळतात" किंवा "घरी संध्याकाळी एकट्याच असतात" अशा नोंदी स्वतःच्या सोयीसाठी करून ठेवल्या होत्या.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. पडद्यावर आपण जी फाइल पाहत आहात, ती व्यापाऱ्याची नाही. तिचा आकार तसाच ठेवून आम्ही नावे, पत्ते आणि शेरे स्वतः रचले आहेत आणि मोबाइल क्रमांकाच्या जागी एकाच आकड्याची रांग भरली आहे. मूळ फाइलवर कॅमेरा रोखण्याची परवानगी मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी नाकारली, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते.

(दृश्य: पडद्यावर तालुकावार बेरजेचा छोटा तक्ता. माउसचा बाण "पलूस 148" या ओळीवर.)

पहिल्या फाइलनंतर दोन दिवसांनी व्यापाऱ्याने कुरियरच्या दरासाठी आणखी एक फाइल पाठवली. तीत फक्त तालुकावार बेरीज होती : मिरज 412, तासगाव 365, पलूस 148, आणि अशाच आणखी काही ओळी. कोणाचेही नाव दिसत नव्हते, क्रमांक दिसत नव्हता. ही फाइल सरळ कुरियरच्या कार्यालयाला पुढे पाठवावी, असेच कोणालाही वाटले असते. मालकीणबाईंनी पलूससमोरच्या 148 या आकड्यावर माउसने दोनदा टिचकी मारली.

(दृश्य: नवे पान उघडते. ओळींमागून ओळी. काही क्षण निवेदन नाही.)

या 148 ओळी कोठून आल्या? एक्सेलमध्ये बेरजेचा असा तक्ता, ज्याला पिव्होट टेबल म्हणतात, तयार होतो, तेव्हा ज्या यादीवरून तो केला त्या यादीची एक नक्कल एक्सेल त्याच फाइलमध्ये साठवून ठेवते. वेगळी काही व्यवस्था केलेली नसेल, तर मूळ यादीचे पान पुसून टाकले तरी ही साठवण राहते. तक्ता नव्या फाइलमध्ये तसाच चिकटवला, तर साठवणही त्याच्याबरोबर जाते. आकड्यावर दोनदा टिचकी मारली, की त्या आकड्यामागच्या सर्व ओळी नव्या पानावर उलगडतात, आणि त्या चौदाही रकान्यांसह उलगडतात. व्यापाऱ्याने काहीही लपवले नव्हते आणि काही उघड करण्याचाही त्याचा हेतू नव्हता. आपण बेरीज पाठवत आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. तक्ता निवडून कॉपी करावा, कोऱ्या फाइलमध्ये `Paste Special` उघडून `Values` निवडावे, आणि तीच नवी फाइल पाठवावी. मग आकड्यावर दोनदा टिचकी मारून पाहावी. आकडा नुसता संपादनासाठी उघडला आणि नवे पान आले नाही, तर मागे काही राहिलेले नाही.

झाकलेल्या रकान्यांचीही गोष्ट याच जातीची आहे. रकाना `Hide` केला, की तो दिसेनासा होतो, परंतु फाइलमध्ये असतोच. दोन्ही बाजूंचे रकाने निवडून `Unhide` म्हटले, की तो परत हजर होतो. त्याहून फसवे हे, की झाकलेला रकाना मध्ये असलेला पट्टा कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, तर झाकलेला मजकूरही सोबत जातो. म्हणून या दुकानात आलेल्या फाइलमधले नको असलेले रकाने पुसत बसण्याची पद्धत आता बंद झाली आहे. आधी सर्व काही उघडे करायचे, मग लागणारे पाच रकाने एकेक करून कोऱ्या फाइलमध्ये नुसत्या मजकुराच्या रूपात न्यायचे, ओळींची संख्या मूळ फाइलशी ताडून पाहायची, आणि मूळ फाइल व्यापाऱ्याला कळवून पुसायची, असा क्रम ठरला आहे.

ही चूक लहान दुकानांचीच आहे असे नाही. लंडनमधील इस्लिंग्टन कौन्सिलने माहिती अधिकाराच्या उत्तरात दिलेल्या अशाच तक्त्यांमागून दोन हजारांहून अधिक रहिवाशांची माहिती बाहेर आली आणि 2013 मध्ये तिला 70,000 पौंड दंड झाला. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने 2023 मध्ये दिलेल्या फाइलमध्ये झाकलेले एक पान राहून गेले होते, आणि त्यात दलातील सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांची माहिती होती.

(दृश्य: कोऱ्या फाइलमधले पाच मथळे. खाली सर्व ओळी रिकाम्या.)

आमच्या मते या दुकानातील सर्वांत मोलाची फाइल ही आहे, आणि तीत काहीच नाही. काम ठरले, की मालकीणबाई ही पाच मथळ्यांची कोरी फाइल ग्राहकाला आधी पाठवतात आणि हीच भरून द्या असे सांगतात. काही ग्राहक कुरकुर करतात. तासगावच्या व्यापाऱ्याचा मुनीम तर म्हणाला, "बाई, आमचं काम वाढवताय की तुमचं कमी करताय?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु रकाने निवडण्याचे काम ज्याला ती यादी ठाऊक आहे त्यानेच करावे, यात वावगे काय आहे? जी जन्मतारीख दुकानात आलीच नाही, ती सांभाळण्याचा आणि पुसण्याचा प्रश्नही दुकानापुढे येत नाही.

भरलेली फाइल परत येते ती पासवर्ड लावून. येथेही एक्सेलमधील दोन गोष्टींची गल्लत होते. `Protect Sheet` हे पानावर चुकून कोणी खाडाखोड करू नये यासाठी असते आणि त्याने मजकूर वाचण्यापासून कोणालाही रोखता येत नाही. फाइल खरोखर बंद होते ती `File`, `Info`, `Protect Workbook` आणि त्याखालच्या `Encrypt with Password` या वाटेने. असा पासवर्ड विसरला तर एक्सेल तो परत मिळवून देत नाही, हे ग्राहकाला आधी सांगावे लागते. पासवर्ड फोनवर बोलून सांगितला जातो. तो फाइलखालीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिला, तर कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखे होते, आणि ग्राहकाचा मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड ठेवला, तर तेही चालत नाही.

(दृश्य: मालकीणबाई बोटांवर मोजतात. टेबलावर फोन, पेन ड्राइव्ह, दोन संगणक.)

या पद्धतीमागे एक मोजणी आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कामानंतर त्यांनी त्या एका यादीच्या प्रती शोधल्या होत्या. एक त्यांच्या फोनमध्ये होती, दुसरी संगणकाच्या डाउनलोडमध्ये आणि तिसरी कामाच्या फोल्डरमध्ये. दुसऱ्या संगणकावर काम न्यायचे म्हणून चौथी पेन ड्राइव्हवर गेली आणि पाचवी त्या संगणकावर राहिली. सहावी कोणाच्या लक्षातच येत नाही : वर्डमध्ये मेल मर्ज करून जी लेबलांची फाइल तयार होते, तीत सर्व पत्ते प्रत्यक्ष उतरलेले असतात. सातवी छपाईची पीडीएफ, आठवी ई-मेलच्या `Sent` मध्ये आणि नववी कुरियरच्या कार्यालयात.

(दृश्य: गाडीवर भडंगाची पुडी बांधणारे हात. कागदावर लेबलांच्या चौकटी.)

दहावी कागदाची होती. त्या वेळी शाई फिकी आली म्हणून सहा कागद बाजूला काढले होते, म्हणजे 144 घरांचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक. ते रद्दीत गेले आणि सांगलीत रद्दी कोठे जाते हे सांगण्याची गरज नाही. त्या यादीतील एका बाईंना आपले नाव आणि क्रमांक भडंगाच्या पुडीवर सापडला. त्यानंतर त्यांना काही अनोळखी फोन आले, आणि ग्राहकाने दुकानाचे काम थांबवले.

2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार यादीतील लोकांना उत्तर देण्याची जबाबदारी यादी गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याची आहे, त्याच्या वतीने काम करणाऱ्या दुकानाकडून चूक झाली तरीही. असे काम करारानेच द्यावे लागते आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होतात.

(दृश्य: लाल कापडी बांधणीची वही. कागद तुकडे करण्याचे यंत्र.)

आता एक काम म्हणजे एक फोल्डर, तेही एकाच संगणकावर, आणि त्या संगणकाची डिस्क `BitLocker` ने बंद केलेली असते. पेन ड्राइव्ह वापरला जात नाही. मेल मर्जची फाइल आणि पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे पुसताना शोधाशोध होत नाही. परत आलेल्या पेट्यांची लेबले पुन्हा छापावी लागतात, म्हणून फोल्डर तीस दिवस ठेवला जातो. एकतिसाव्या दिवशी तो पुसून `Recycle Bin` रिकामी होते, ई-मेलमधील प्रत जाते, आणि फोनवरचा संदेश पुसताना फाइलही पुसण्याची खूण केली जाते, कारण नुसता संदेश पुसला तर फाइल फोनच्या साठवणीत राहू शकते. बिघडलेले कागद मोजून यंत्रात जातात. यंत्र चिकट लेबलांनी अडकते, म्हणून एका वेळी दोनच कागद घालावे लागतात, आणि त्याचा आवाज शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जातो.

प्रत्येक प्रतीची नोंद या वहीत होते : कोठे ठेवली, कधी पुसली, कोणी पुसली. तासगावच्या कामाच्या पानावर सात ओळी आहेत. सहांसमोर तारीख आणि सही आहे. सातवी ओळ कुरियरच्या कार्यालयाला दिलेल्या प्रतीची आहे. तिच्यासमोर पेन्सिलीने लिहिले आहे : "दोनदा विचारले. उत्तर नाही."